सैल शब्दांतल्या निकषांपासून क्रमांकित तपासण्यांपर्यंत

प्रश्न: तक्रारदारांना आमच्या विभागाने पाठवलेली ४०० लेखी उत्तरे मला आणि एका सहकाऱ्याला तपासायची आहेत. वरिष्ठांनी निकष असे दिले आहेत: ‘उत्तर स्पष्ट आणि सौजन्यपूर्ण असावे, तक्रारीतल्या सगळ्या मुद्द्यांना धरून असावे, उगाच लांबड नको आणि झेपणार नाहीत अशी आश्वासने शक्यतो टाळलेली असावीत.’ आम्ही २० उत्तरे स्वतंत्रपणे तपासली. मी १२ योग्य ठरवली, सहकाऱ्याने ११. पण ७ उत्तरांबाबत आमचे निकाल वेगळे आले. निकष नेमके कसे करावेत? आणि ते आधीच करावेत, की आणखी काही उत्तरे वाचल्यावर?

उत्तर:

तुमचे १२ आणि सहकाऱ्याचे ११ हे आकडे जवळचे असल्यामुळे फरक किरकोळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सात ठिकाणी फरक आहे म्हणजे दोघांनीही योग्य ठरवलेली उत्तरे ८, दोघांनीही अयोग्य ठरवलेली ५, केवळ तुम्ही योग्य ठरवलेली ४ आणि केवळ सहकाऱ्याने योग्य ठरवलेली ३. एकमत २० पैकी १३ वेळा, म्हणजे ६५ टक्के झाले. पण तुम्ही ६० टक्के आणि त्यांनी ५५ टक्के उत्तरे, पत्र न उघडताच, नुसते नाणे उडवल्यासारखी योग्य ठरवली असती, तरीही ५१ टक्के वेळा निकाल जुळले असते. योगायोगाचा हा वाटा वजा करून उरलेले एकमत मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये ‘कॅपा’ हे माप सुचवले. तुमच्या बाबतीत ते (०.६५ − ०.५१) भागिले (१ − ०.५१), म्हणजे सुमारे ०.२९ येते. वीसच पत्रांवरून काढलेला हा आकडा बराच इकडेतिकडे होऊ शकतो, तरी त्यातून एवढे नक्की कळते की तुमच्या एकमताचा मोठा भाग योगायोगानेही झाला असता.

याचे कारण तुमच्यापैकी कोणी निष्काळजीपणे वाचले, हे नाही. वरिष्ठांचे वाक्य हे हेतूचे वाक्य आहे. काय साधायचे ते त्यातून कळते, पण ते साधले की नाही हे कशावरून ओळखायचे, ते त्यात सांगितलेले नाही. ती जागा प्रत्येक तपासणारा आपापल्या समजुतीने भरून काढतो, आणि बहुतेक वेळा पत्र वाचता वाचताच भरून काढतो. एकाने ‘सौजन्य’ म्हणजे दिलगिरीचे शब्द असे धरले आणि दुसऱ्याने ‘सौजन्य’ म्हणजे दोषारोप नसणे असे धरले, तर दोघे एकच पत्र वाचत असले तरी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. तपासण्या आधी लिहाव्यात, कारण पत्र समोर आले की माप हलू लागते. लागोपाठ चार वाईट पत्रे वाचली की पाचवे सामान्य पत्रही चांगले वाटते. एखादे पत्र गोड भाषेत लिहिलेले असले की त्यातला अनुत्तरित मुद्दा डोळ्यांआड होतो. तपासणी आधी कागदावर नसेल तर आपण निकाल आधी लावतो आणि निकष मागाहून त्याला जुळवून घेतो, आणि हे करताना आपल्याला त्याची जाणीवही नसते. मात्र काहीही न वाचता यादी लिहावी असेही मी म्हणणार नाही. मी अशा कामात आधी मूळ तक्रारी वाचतो, तीस-चाळीस तरी, पण त्यांची उत्तरे वाचत नाही. लोक काय मागतात, कसे मागतात, एका तक्रारीत साधारण किती मुद्दे असतात हे कळल्याशिवाय तपासण्या हवेत तरंगतात.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती वरिष्ठांना आताच विचारून घ्या: या निकालांचे पुढे काय होणार? उत्तरे लिहिणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ते वापरायचे असतील, तर प्रत्येक तपासणीचा निकाल वेगळा ठेवणे पुरेसे आहे आणि ‘योग्य–अयोग्य’ असा एकत्रित शेरा लागणारही नाही. कोणाच्या कामगिरीच्या नोंदीत ते जाणार असतील, तर प्रत्येक नकाराला पुरावा लागेल आणि संशयाचा फायदा कोणाला द्यायचा हे आधी ठरवावे लागेल. पुढे जे लिहितो आहे ते या दोहोंना चालेल, पण कडकपणाची पातळी तुम्हाला त्यानुसार ठरवावी लागेल.

आता प्रत्यक्ष काम. वरिष्ठांचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्या. त्यातला एकही शब्द सुधारू नका. मग त्याचे मागणीगणिक तुकडे पाडा. ‘स्पष्ट आणि सौजन्यपूर्ण’ यातला ‘आणि’ दोन मागण्या एका दावणीला बांधतो, म्हणून तिथे कापायचे. असे केले की पाच तुकडे मिळतात: स्पष्ट, सौजन्यपूर्ण, सगळे मुद्दे, लांबड नको, न झेपणारी आश्वासने नकोत. प्रत्येक तुकड्यातून एक किंवा अधिक तपासण्या निघतील, आणि प्रत्येक तपासणीपुढे ती मूळ वाक्यातल्या कोणत्या शब्दातून आली ते लिहायचे. हे केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. ज्या तपासणीपुढे मूळ शब्द लिहिता येत नाही ती तुम्ही स्वतःच्या मनाने वाढवलेली असते, आणि ज्या मूळ शब्दातून एकही तपासणी निघाली नाही तो तुमच्या हातून सुटलेला असतो. दोन्ही चुका पुढे सापडणे अवघड असते. इथे त्या एका नजरेत दिसतात.

‘सगळ्या मुद्द्यांना धरून’ हा तुकडा सर्वांत सोपा वाटतो आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक मतभेद तिथेच होतात. याचे कारण असे की मुद्दे किती होते हे तपासणारा उत्तर वाचून ठरवतो. उत्तरात तीन गोष्टींचा उल्लेख असला की तक्रारीतही तीनच गोष्टी होत्या असे वाटू लागते. म्हणून उत्तर उघडण्यापूर्वी तक्रारीतले मुद्दे क्रमाने लिहून काढणे, हाच तपासणीचा पहिला भाग करावा लागतो. त्यासाठी ‘मुद्दा’ कशाला म्हणायचे तेही ठरवावे लागते. मी दोन जाती करतो. ज्यात काही मागितले किंवा विचारले आहे ती मागणी, आणि ज्यात नुसते दुखणे सांगितले आहे ते गाऱ्हाणे. मागणीला उत्तर मिळाले पाहिजे; गाऱ्हाण्याची निदान दखल घेतली गेली पाहिजे. आणि ‘उत्तर’ म्हणजे काय? ‘पाहून कळवतो’ हे उत्तर धरायचे का? मी धरत नाही. होकार, नकार किंवा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळवू ती तारीख, या तिन्हींपैकी एक असल्याशिवाय मागणीला उत्तर मिळाले असे मानत नाही. तुमचे वरिष्ठ वेगळे ठरवू शकतात, पण त्यांनी ते ठरवायला हवे. तपासणाऱ्याने पत्रागणिक ठरवू नये.

‘झेपणार नाहीत अशी आश्वासने’ यात वेगळीच अडचण आहे. विभागाला काय झेपते ते पत्र वाचून कळणे शक्यच नाही. निकष कितीही योग्य असला तरी तपासणाऱ्याच्या हातात त्यासाठी लागणारी माहिती नसेल तर तो अंदाज करणार, आणि दोघांचे अंदाज जुळणार नाहीत. इथे शब्दांशी झगडण्यात अर्थ नसतो. एक कागद मागवावा लागतो: कोणती आश्वासने उत्तर लिहिणाऱ्याला स्वतःच्या अधिकारात देता येतात, त्यांची यादी. ती हातात आली की तपासणी साधी होते. पत्रातले ‘आम्ही अमुक करू’ किंवा ‘अमुक होईल’ अशा अर्थाचे प्रत्येक वाक्य त्या यादीशी ताडून पाहायचे.

याच तुकड्यात ‘शक्यतो’ हा शब्द आहे आणि तो गाळून टाकण्याचा मोह होतो. गाळला तर वरिष्ठांपेक्षा तुम्ही कडक होता. तसाच ठेवला तर ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो सूट देतो. इंटरनेटची तांत्रिक मानके लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होता. १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात त्यांनी `MUST` आणि `SHOULD` या शब्दांचे अर्थ बांधून दिले. `MUST` म्हणजे सूट नाही. `SHOULD` म्हणजे विशिष्ट परिस्थितीत ते न पाळण्यास सबळ कारण असू शकते, पण तसे करण्यापूर्वी परिणामांचा पूर्ण विचार झालेला हवा. आपल्या ‘शक्यतो’ला हाच दुसरा अर्थ द्यावा आणि सबळ कारण कशावरून ओळखायचे तेही लिहावे. मी असे लिहितो: आश्वासन यादीबाहेरचे असेल तर त्याला वरिष्ठांची परवानगी असल्याची नोंद फाइलमध्ये हवी. नोंद असली तर सूट, नसली तर नाही. म्हणजे ‘शक्यतो’ शिल्लक राहिला आणि तरी तो तपासता आला.

‘लांबड नको’ याविषयी मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. एका कामात मी या निकषाची तपासणी ‘उत्तर १५० शब्दांच्या आत आहे’ अशी लिहिली. मोजायला सोपी, मतभेदाला जागाच नाही, म्हणून मला ती आदर्श वाटली. पण सहा मुद्द्यांच्या तक्रारीला सविस्तर उत्तर देणारी पत्रे तीत नापास होऊ लागली आणि दोन ओळींत वाटेला लावणारी पत्रे पास होऊ लागली. तपासणारे पूर्ण एकमताने चुकीचे निकाल देत होते. तेव्हापासून मी प्रत्येक तपासणीला एक प्रश्न विचारतो: ही तपासणी पूर्ण करणारे, तरीही वरिष्ठांना अजिबात न आवडणारे पत्र मला रचता येते का? आणि उलट, हिच्यात नापास होणारे पण उत्तम पत्र रचता येते का? सहज रचता आले तर तपासणी मोजण्याजोगी असली तरी मूळ शब्दाचा अर्थ तिच्यातून निसटला आहे. लांबडीचा खरा अर्थ शब्दसंख्या हा नाही, तर ज्यांच्याविना काही बिघडत नाही अशी वाक्ये, हा आहे. म्हणून तपासणीही तशी लिहावी: बाकीच्या तपासण्यांत जे शोधायचे आहे त्यातले काहीही ज्या वाक्यांत नाही, ती मोजायची.

‘सौजन्यपूर्ण’मध्ये काय असावे यापेक्षा काय नसावे हे लिहिणे जास्त भरवशाचे ठरते. दिलगिरीचा शब्द आहे की नाही हे तपासले तर प्रत्येक पत्रात एक साचेबंद दिलगिरी येते आणि तपासणी निरुपयोगी होते. तक्रारदाराला झोंबते ते बहुधा एकच असते: दोष त्याच्याच माथी मारलेला असणे. ते पत्रात शोधता येते.

‘स्पष्ट’ मात्र पूर्णपणे सुटत नाही, हे मान्य करायला हवे. त्यातले दोन भाग वेगळे काढता येतात. पत्र वाचल्यावर तक्रारदाराला पुढे काय करायचे ते कळते का, हा एक. आणि विभागातले संक्षेप किंवा अंतर्गत शब्द अर्थ न सांगता वापरलेले नाहीत ना, हा दुसरा. उरलेला भाग, म्हणजे वाक्यांची गुंतागुंत किंवा मांडणीचा क्रम, हा तपासणाऱ्याच्या अंदाजावरच राहतो. असा अवशेष असणे ही लाजेची गोष्ट नाही. नवजात बाळाची स्थिती ‘बरी दिसते’ असे म्हणण्याऐवजी व्हर्जिनिया अॅपगार यांनी १९५२ मध्ये पाच चिन्हे मांडली: हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. ठोके नाहीत तर ०, मिनिटाला १०० पेक्षा कमी तर १, त्याहून जास्त तर २. इथे अंदाजाला जागा उरत नाही. पण त्याच यादीतला त्वचेचा रंग पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि बाळाच्या वर्णावर बराच अवलंबून असतो. पाचही चिन्हे सारखी पक्की नाहीत, तरी प्रत्येक चिन्ह वेगळे नोंदलेले असल्यामुळे कच्चेपणा कुठे आहे ते दिसते. तुमच्या यादीतही अंदाजाची तपासणी ठेवायची असेल तर ती वेगळ्या क्रमांकाने ठेवा, तिच्यासाठी ‘हे चालेल’ आणि ‘हे चालणार नाही’ असे एकेक नमुनापत्र आधी ठरवून घ्या, आणि तिचा निकाल बाकीच्यांत मिसळू नका. खालच्या यादीत मी ती घेतलेली नाही, कारण तुमच्या हेतूला तिची गरज आहे का हे मला इथून सांगता येत नाही.

तर तुमच्या वाक्यातून निघणारी यादी साधारण अशी होईल. तपासण्या प्रश्नरूपात न लिहिता विधानरूपात लिहिल्या आहेत, म्हणजे ‘हो’ याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी ‘पूर्ण झाली’ असाच होतो. ‘नाही ना?’ अशा प्रश्नाला थकलेला तपासणारा हमखास उलटे उत्तर नोंदवतो.

१. (सगळे मुद्दे) तक्रारीतून आधी काढलेल्या प्रत्येक मागणीला होकार, नकार किंवा निर्णयाची तारीख मिळाली आहे.

२. (सगळे मुद्दे) आधी काढलेल्या प्रत्येक गाऱ्हाण्याचा उत्तरात स्वतंत्र उल्लेख आहे. ‘आपली तक्रार’ असा मोघम उल्लेख पुरेसा नाही.

३. (स्पष्ट) तक्रारदाराने पुढे काय करायचे, अथवा काहीच करायचे नाही, हे निदान एका वाक्यात सांगितले आहे.

४. (स्पष्ट) विभागातला प्रत्येक संक्षेप किंवा अंतर्गत शब्द पहिल्यांदा आला तिथे उलगडून सांगितला आहे.

५. (सौजन्य) तक्रारदाराच्या कृतीला दोष देणारे वाक्य नाही, किंवा असल्यास त्याला आधार देणारी नोंद फाइलमध्ये आहे.

६. (लांबड नको) अभिवादन आणि समारोप सोडून, मागणी, गाऱ्हाणे, पुढची कृती किंवा शब्दाचा उलगडा (१ ते ४) यांपैकी कशालाही धरून नसलेली वाक्ये दोनपेक्षा जास्त नाहीत.

७. (आश्वासने) प्रत्येक आश्वासन मंजूर यादीत आहे, किंवा अपवादाची परवानगी फाइलमध्ये नोंदलेली आहे.

निकाल चार प्रकारचे ठेवावेत: हो, नाही, लागू नाही, ठरवता येत नाही. शेवटचे दोन एकत्र करू नका. पत्रात एकही संक्षेप नसेल तर चौथी तपासणी लागू नाही. फाइलच मिळाली नाही तर सातवी ठरवता येत नाही. पहिल्या स्थितीत काहीच करायचे नाही, दुसऱ्या स्थितीत फाइल मागवायची आहे. टक्केवारी काढताना ‘लागू नाही’ला ‘हो’मध्ये धरले तर संक्षेप कधीच न वापरणारा विभाग चौथ्या तपासणीत विनाकारण उजवा दिसतो.

आता एक पत्र घेऊन पाहू. माझ्या कामात आलेल्या पत्रांवरून, तपशील बदलून, रचलेले आहे. तक्रार अशी: ‘मागवलेल्या उपकरणाचे झाकण तडकलेले आले आहे, ते बदलून मिळावे. माझ्या खात्यातून रक्कम दोनदा वजा झाली आहे, जादा रक्कम कधी परत मिळणार? मी दोनदा फोन केला, पण कोणीही उलट फोन केला नाही.’ उत्तर उघडण्यापूर्वी मुद्दे लिहिले: मागण्या दोन (झाकण बदलणे, रक्कम परत मिळण्याची तारीख), गाऱ्हाणे एक (उलट फोन आला नाही).

उत्तर असे: ‘आपल्या तक्रारीची आम्ही गांभीर्याने दखल घेतली आहे. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे. नवीन झाकण पाठवण्यात येत असून ते चार दिवसांत आपल्याला मिळेल. रकमेबाबत संबंधित विभागाकडे पाठपुरावा सुरू असून लवकरच योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. आपण पावती क्रमांक न कळवल्यामुळे विलंब झाला. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’

तपासणीविना वाचले तर हे पत्र सभ्य, आटोपशीर आणि बऱ्यापैकी उपयोगी वाटते, आणि एखाद्या तपासणाऱ्याने ते योग्य ठरवले तर मला नवल वाटणार नाही. क्रमाने पाहिले की चित्र बदलते. पहिली तपासणी: झाकणाला होकार आहे, पण रकमेला ‘लवकरच’ आहे आणि तारीख नाही, म्हणून ‘नाही’; पुरावा म्हणून चौथे वाक्य नोंदवायचे. दुसरी: फोनचा उल्लेखच नाही, म्हणून ‘नाही’. तिसरी: पावती क्रमांक आता पाठवायचा की नाही, हे तक्रारदाराला कळत नाही, म्हणून ‘नाही’. चौथी: लागू नाही. पाचवीसाठी फाइल पाहावी लागते. समजा, मूळ तक्रारीच्या नमुन्यात पावती क्रमांकाची जागा भरलेली आहे. मग दोषारोपाला आधार नाही आणि निकाल ‘नाही’.

सहावीत एक पेच येतो. पहिले आणि दुसरे वाक्य उघडच काढून टाकण्याजोगे आहे. पावती क्रमांकाचे पाचवे वाक्यही कोणत्याही मागणीला, गाऱ्हाण्याला किंवा पुढच्या कृतीला धरून नाही. म्हणजे अशी वाक्ये तीन झाली आणि पत्र इथेही नापास झाले. पण त्या वाक्याची शिक्षा पाचव्या तपासणीत झालेलीच आहे. एकच दोष दोन ठिकाणी मोजला जातो आहे असे दिसले की यादीत दुरुस्ती करावी: पाचवीत पकडलेले वाक्य सहावीत मोजू नये. मग अशी वाक्ये दोनच उरतात आणि सहावीचा निकाल ‘हो’ होतो. सातवीत आश्वासनांच्या यादीत ‘बदली भाग दोन दिवसांत रवाना करू’ एवढेच मंजूर आहे असे समजा. पत्रात मात्र ‘चार दिवसांत मिळेल’ असे आहे. रवाना करणे विभागाच्या हातात आहे, पोहोचणे नाही. म्हणून ‘नाही’.

एक गोष्ट इथे मुद्दाम पाहावी. चार दिवसांचे वाक्य पहिल्या तपासणीत पत्राला वाचवते, कारण तो ठाम होकार आहे. आणि तेच वाक्य सातवीत पत्राला पाडते. सैल निकषांनी वाचणाऱ्या एकाला त्यातला ठामपणा आवडला असता, दुसऱ्याला त्यातला धोका दिसला असता, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असते. तुमच्या सात पत्रांपैकी काही नक्की अशीच असतील.

सातही निकाल मिळवून एकच शेरा कसा काढायचा, हे मूळ वाक्यात अजिबात नाही, म्हणून ते वरिष्ठांकडूनच यायला हवे. गुणांची बेरीज मी सुचवणार नाही. सातपैकी सहा गुण मिळवलेल्या पत्रात राहिलेली एक तपासणी पहिली असेल तर ते पत्र कामाचे नाही, आणि सहावी असेल तर ते बहुतेक चांगलेच आहे. पहिली, पाचवी आणि सातवी अनिवार्य ठेवून बाकीच्या फक्त नोंदवाव्यात, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवून पाहा.

यादी वरिष्ठांना दाखवताना ‘ही बरोबर आहे का?’ असे विचारू नका. क्रमांकित यादी दिसायला इतकी पक्की असते की लोक नुसते ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी सीमारेषेवरची चार-पाच पत्रे स्वतः रचा, आपल्या यादीप्रमाणे त्यांचे निकाल आधी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, आणि वरिष्ठांना फक्त ती पत्रे देऊन विचारा की यातली कोणती चालतील. ‘निर्णय १५ तारखेपर्यंत कळवू’ असे लिहिलेले एक, गाऱ्हाण्याची दखल नसलेले पण मागण्या पूर्ण करणारे एक, आधार असलेला दोषारोप सौम्य शब्दांत केलेले एक. जिथे त्यांचे उत्तर आणि तुमचा निकाल जुळत नाही, तिथे यादीचे शब्द बदलायचे.

त्यानंतर चाचणी. आधीची २० पत्रे यासाठी वापरू नका, कारण त्यांच्याबद्दल तुमची मते बनलेली आहेत. ताजी २० घ्या, दोघांनी स्वतंत्रपणे तपासा, आणि जुळणी पत्रागणिक न पाहता तपासणीगणिक पाहा. ‘सात पत्रांबाबत मतभेद’ यातून काहीच करता येत नाही. ‘तिसऱ्या तपासणीत सहा मतभेद, पहिलीत एक, बाकी शून्य’ यातून काय करायचे ते लगेच कळते. मतभेद झाला की कोण बरोबर यावर वाद घालण्याऐवजी, तपासणीतल्या कोणत्या शब्दाचे दोन अर्थ झाले ते शोधा. तिसऱ्या तपासणीत बहुधा असे निघेल की ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधावा’ या वाक्याला एकाने पुढची कृती धरले आणि दुसऱ्याने धरले नाही. मग तपासणीखाली एक ओळ वाढवायची: हे वाक्य पुढची कृती धरू नये. ज्या तपासणीत ‘ठरवता येत नाही’ वारंवार येते, तिच्यासाठी लागणारा कागद तुमच्यापर्यंत पोहोचत नाही असे समजावे.

दुरुस्त यादीला तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक द्या आणि पुन्हा ताज्या २० पत्रांवर पाहा. मला सहसा दोन फेऱ्या पुरतात, क्वचित तिसरी लागते. त्यानंतर यादी गोठवायची. पुढे, समजा २३० व्या पत्रात, यादीत न बसणारे काही दिसेल: तक्रारदाराचे नावच चुकलेले, किंवा उत्तर दुसऱ्याच तक्रारीचे. त्या वेळी जागच्या जागी नवी तपासणी सुरू करू नका, नाहीतर पहिली २२९ पत्रे एका मापाने आणि उरलेली दुसऱ्या मापाने मोजली जातील. ‘यादीबाहेरचे’ असा एक वेगळा रकाना ठेवा, तिथे नोंदवा आणि पुढे चला. शेवटी त्या रकान्यात एकच गोष्ट वारंवार आढळली तर ती आठवी तपासणी करा आणि तेवढ्या एकाच तपासणीसाठी सर्व ४०० पत्रांवरून पुन्हा एकदा फिरा. नाव बरोबर आहे का एवढेच पाहायचे असेल तर ४०० पत्रांना फार वेळ लागत नाही.

दोघांनीही सर्व ४०० पत्रे तपासण्याची गरज नाही. यादी गोठल्यावर निम्मी निम्मी वाटून घेता येतील. मात्र दर पन्नास पत्रांमागे पाच पत्रे दोघांनीही, एकमेकांचे निकाल न पाहता, तपासावीत. काम लांबले की शब्दांचे अर्थ नकळत सरकतात, विशेषतः पाचव्या आणि सहाव्या तपासणीत, आणि ते सरकणे या पाच पत्रांत प्रथम दिसते. तसे दिसले तर मागच्या पन्नास पत्रांची फक्त ती तपासणी पुन्हा करावी.

मतभेद झालेली ती सात पत्रे सध्या बाजूला ठेवा आणि त्यांच्यावर चर्चा करून निकाल ठरवू नका. यादी गोठल्यावर पहिली सगळी २० पत्रे इतरांबरोबर नव्याने तपासा, कारण जुळलेल्या १३ पत्रांचे निकालही त्याच सैल शब्दांवरून लागलेले आहेत.